लखोटा घ्यायचा नाय

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव. मला पन्नासावं लागलं होतं. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगद्रव्याच्या कंपनीत मी बॉयलरवर होतो आणि कंपनीतल्या युनियनचा उपाध्यक्ष होतो. शिक्षण चौथी. चौथी पास, हे लिहून ठेवतो, कारण माझ्या मागे काही लोक तिसरी म्हणतात.

धाकट्या बहिणीचा नवरा त्याच कंपनीत, रिअॅक्टर प्लांटला. मीच चिकटवला होता. तो पेणकडच्या आमच्या गावातून रोज एसटीने यायचा. मी रोह्याला खोली घेऊन राहत होतो. मी त्याला भावजी म्हणायचो, तो मला दादा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बोलायला कमी. दादा म्हणाला ना, मग झालं, असा माणूस. हे त्याचं वाटोळं करायला पुरेसं होतं.

एका मंगळवारी त्याच्या पाळीत रिअॅक्टरचा खालचा व्हॉल्व सुटला आणि रंगाची अख्खी बॅच गटारात गेली. नाल्याचं पाणी दुपारपर्यंत लाल. खालच्या गावची माणसं गेटवर आली, पोलीस पाटील आला. कंपनीला कुणाच्या तरी गळ्यात ते बांधायचंच होतं. भावजीचं म्हणणं असं, की त्या व्हॉल्वचे आटे झिजलेले होते, हे त्याने आठ दिवस आधी सुपरवायझरला सांगितलं होतं. तोंडी, फिटरच्या देखत. सुपरवायझर म्हणाला, मला कुणी काही सांगितलं नाही.

गुरुवारी पर्सोनेलचा कारकून लखोटा घेऊन थेट प्लांटवर आला. मी तिथेच होतो, पाइपलाइन बघायला गेलो होतो.

"घे रे, सही कर."

भावजीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भावजी, हात लावायचा नाय."

आता हे समजून घ्या. धाटावला तेव्हा सगळ्या कंपन्यांत हे असंच चालायचं. लखोटा घ्यायचा नाही. घेतला, सही केली, की कागद तुला चिकटला. नाही घेतला तर तो कागद कंपनीचा, कंपनीच्याच हातात राहिला. आमच्या आधीच्या लोकांनी आम्हाला हे शिकवलं आणि आम्ही पुढच्यांना शिकवत होतो. कोणी तपासून बघितलं नव्हतं. देवाला उजवा कौल मागतात तसं ते होतं.

कारकून म्हणाला, "उपाध्यक्ष, तुमी मधी पडू नका."

"मी मधी नाय, कडंला उभा हाय. तूच मधी आलाय."

लोक हसले. कारकुनाने काही भांडण केलं नाही. शेजारच्या दोघा स्टाफवाल्यांना बोलावलं, लखोट्याच्या पाठीवर काहीतरी लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि गेला. आम्ही त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल केली. आज वाटतं, त्या वेळी त्याने काय लिहिलं ते एकाने तरी बघायला हवं होतं.

मग तोच कागद रजिस्टर पोस्टाने गावी गेला. पोस्टमन दारात आला. बहिणीने मी सांगितलं होतं तसं केलं, हात पदरात घेतले आणि म्हणाली, नाय घेनार. पोस्टमन गावचाच. तो म्हणाला, "वयनी, घ्या हो, सरकारी दिसतोय." ती म्हणाली, "दादानं सांगितलाय." त्याने पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि सायकल वळवली.

सोमवारी गेटजवळच्या फलकावर कागद लागला. पूर्ण इंग्रजीत टाइप केलेला, खाली मॅनेजरची सही. पाळी सुटायच्या वेळेला वीसेक जण तिथे गोळा झाले. कोणीतरी म्हणालं, उपाध्यक्षांना वाचू द्या, सरका.

मला इंग्रजी अक्षरं येत होती. ड्रमांवरची येत होती. ॲसिड, डेंजर, कंपनीचं नाव, बॉयलरच्या मीटरवरची. ती सुटी सुटी यायची. ओळीत आली की गर्दी व्हायची. मी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मधे एकदा थांबून "हं" केलं. मग वळून म्हणालो, "काय नाय. नेहमीचा मेमो हाय. घाबरवायला लावलाय."

"उत्तर द्यायचं काय?"

"कशाला द्यायचं? घेतलाच नाय तर उत्तर कशाचं?"

गेटवरचा वॉचमन स्टुलावर बसून हे सगळं ऐकत होता.

पंधरा दिवसांनी भावजीला गेटवर अडवलं. निलंबन. पुन्हा लखोटा, जरा जाड. पुन्हा घेतला नाही, पोस्टाने दोनदा आला, दोन्हीदा परत गेला. आमचा मोठा पुढारी ठाण्याला बसायचा, दोन महिन्यांतून एकदा यायचा. त्याला फोन लावायला पोस्टात जाऊन ट्रंक कॉल करावा लागला असता. मी म्हटलं, एवढ्यासाठी त्याला कशाला, मी आहे ना. भावजी घरी बसला. त्याला मी आणखी एक अक्कल शिकवली होती, की निलंबनात मिळतात ते पैसे आणायलाही कंपनीत जाऊ नको, गेलास तर निलंबन कबूल केल्यासारखं होतं.

महिना गेला. एका मंगळवारी दुपारी बहीण रोह्याला माझ्या खोलीवर आली. एकटी. येताना नेहमी काहीतरी आणायची, वालाच्या शेंगा, तांदळाची भाकरी. त्या दिवशी हातात फक्त लखोटा.

"तू घेतलास?" मी ओरडलो. "तुला सांगितलेला ना गो घेऊ नको म्हनून!"

"घेतला. पोस्टमन तीनदा परत पाठवला. चवथ्यांदा तो माझ्याकडं बघून हसला. मला नाय सोसला."

"कशाला हसला?"

"त्यालाच विचार." तिने लखोटा माझ्या पुढ्यात टाकला. "वाच."

"ठेव तिथं. संध्याकाळी बघतो."

"नाय. आत्ता वाच. माझ्यासमोर. ते घरात भिंतीकडं तोंड करून झोपतात दादा. दिवसा. काय लिवलाय ते मला ऐकायचाय."

मी लखोटा फोडला. सात-आठ पानं होती. पहिल्या पानावर भावजीचं नाव ओळखलं. एक तारीख ओळखली, परवाची होती, गुरुवारची, आणि दहाचा आकडा. बाकी काळं काळं. मी पानं उलटली. बहीण माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला माझं तोंड लहानपणापासून वाचता येतं. ती शाळेत गेलेली नाही.

"तुला येत नाय," ती म्हणाली.

"येतं. पण ह्यातली इंग्रजी कोर्टाची हाय. वेगळी असते."

ती पाणी प्यायली, तांब्या पालथा घातला आणि चार वाजताच्या गाडीला गेली.

बुधवारी माझी दुसरी पाळी होती. सकाळच्या गाडीने पेणला गेलो. तिथे हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. पूर्वी त्यांच्या घरची जमीन आमच्या गावाला होती, माझा बाप त्यांच्याकडे खंडाने करायचा. म्हणून ओळख. खाली गणपतीचा कारखाना, वर त्या एकट्या. जिन्यात शाडूची पोती. मी वर गेलो आणि म्हणालो, एका कामगाराचा कागद आहे, मराठीत करून पाहिजे. एका कामगाराचा म्हणालो. भावजी म्हणालो नाही.

बाईंनी आधी सगळी पानं एकदा वाचली. मग पुन्हा वाचली. मग तारखांखाली शिसपेन्सिलने रेघा मारल्या. मग विचारलं, "ह्याच्या आधीची दोन पत्रं कुठे आहेत?"

"घेतली नायत."

"घेतली नाहीत म्हणजे?"

मी त्यांना समजावून सांगितलं. घेतलं नाही तर लागू होत नाही, असं. त्या ऐकत होत्या. वर्गात एखाद्या पोराचं ऐकतात तसं, पूर्ण होऊ दिलं.

"मी चाळीस वर्षं परीक्षा घेतल्या," त्या म्हणाल्या. "पेपर हातात घेतला नाही म्हणून कोणाची वेळ थांबलेली बघितली नाही. हे बघा, इथे लिहिलंय. पहिलं पत्र अमुक दिवशी देऊ केलं, दोन साक्षीदारांसमक्ष नाकारलं. पोस्टाने पाठवलं, नाकारलं. फलकावर लावलं. म्हणून ते पोचलं असं धरलं. पुढचं सगळं त्या दिवसापासून मोजलंय."

मी म्हटलं, "ते कंपनी म्हनते."

"कंपनीच म्हणणार ना, पत्र तिचं आहे. पण मला हे खोटं वाटत नाही. मी भाषेची बाई आहे, कायद्याची नाही. शब्द चुकणार नाही, त्यापुढचं वकिलाला विचारा."

"वकील कुठला? उद्या दहाला हाय."

"उद्या?" त्यांनी घड्याळ बघितलं आणि फूलस्केप कागद काढले.

पहिल्या खेपेला त्यांनी जसंच्या तसं केलं. 'आपणांवर शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये याची कारणे दाखवा', असं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, बाई, हे मराठीत पण त्याला कळणार नाय. कारणं दाखवा म्हटल्यावर तो म्हणेल कुठं दाखवू.

बाईंना हसू आलं, पण राग पण आला असावा. त्यांनी कागद बाजूला सारला. "मग तो कसा बोलतो ते तुम्ही सांगा. मी अर्थ सांगते, तुम्ही बोला, मी लिहिते."

असे आम्ही दीड तास बसलो. त्या एक वाक्य वाचायच्या, अर्थ सांगायच्या, मी भावजीला सांगतो तसं म्हणायचो, त्या लिहायच्या, आणि लिहून झालं की पुन्हा इंग्रजीशी ताडून बघायच्या. दोनदा मी जास्तीचं घातलं, ते त्यांनी खोडलं. "हे पत्रात नाही. तुमच्या मनातलं आहे." एकदा मी एक कडक शब्द मऊ केला, तोही त्यांनी परत कडक केला. 'नोकरीतून काढून टाकणे' हा तो शब्द. म्हणाल्या, "त्याला हे आत्ता कळलं पाहिजे. नंतर कळून उपयोग नाही."

तो कागद मी अजून ठेवलाय, म्हणून इथे उतरवतो.

'तुझ्यावर आरोप हा की तू कामात मोठी हयगय केलीस आणि कंपनीचं नुकसान केलंस. पहिल्या पत्रात तुला विचारलं होतं की असं का झालं, तुझं म्हणणं तीन दिवसांत लिहून दे. तू दिलं नाहीस. म्हणून तुला काही सांगायचं नाही असं धरलं. दुसऱ्या पत्रात आरोपपत्र होतं, निलंबन होतं आणि चौकशीची तारीख होती. निलंबनात तुला अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, तो तू घ्यायला आला नाहीस. चौकशीला तू आला नाहीस. तू नसताना चौकशी अधिकाऱ्याने कंपनीच्या दोन साक्षीदारांची साक्ष लिहून घेतली. एक सुपरवायझर, एक केमिस्ट. त्याची नक्कल सोबत आहे. आता पुढची तारीख गुरुवार, सकाळी दहा, कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये. तुला सोबत तुझ्या खात्यातला एक कामगार किंवा युनियनचा पदाधिकारी आणता येईल, तो तुझ्या वतीने बोलेल. कंपनीच्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतात. तुला तुझे साक्षीदार आणता येतील, कागद मागता येतील. तू आला नाहीस तर तुझ्याशिवाय काम पुढे चालेल. आरोप शाबीत झाला तर नोकरीतून काढून टाकण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.'

मी विचारलं, "त्या दोघांना उलट प्रश्न आता विचारता येतील?"

"ते होऊन गेलं. पण अर्ज करून मागता येईल असं मला वाटतं. आधी का आला नाहीत, ह्याचं पटणारं कारण द्यावं लागेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरं कारण आहेच की."

त्यांनी अर्ज लिहिला, सोपा, सहा ओळींचा. 'पत्रे इंग्रजीत होती. मला इंग्रजी येत नाही. मला सल्ला देणाऱ्या सहकाऱ्यालाही इंग्रजी येत नाही, त्याने पत्र न वाचता घेऊ नको असे सांगितले. त्यामुळे तारीख कळली नाही. दोन्ही साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची संधी मिळावी. चौकशीचे काम मराठीत व्हावे.'

मी म्हटलं, "तिसरी ओळ काढा."

"का?"

"त्याची गरज नाय."

"हा सहकारी कोण आहे?"

खाली कारखान्यात कोणीतरी माती मळत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता. बाईंनी ओळ खोडली, नवा कागद घेतला आणि अर्ज पुन्हा नीट लिहून दिला. तिसऱ्या ओळीशिवाय. पैसे विचारले तर म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी आमच्या विहिरीचा गाळ किती वेळा काढला असेल. जा, गाडी चुकेल."

गाडी गावावरून जाते. मी उतरलो. भावजी ओट्यावर होता. मी त्याला बाईंचा कागद वाचून दाखवला. मराठी मी चांगलं वाचतो, मोठ्याने वाचतो. बहीण दाराच्या चौकटीला टेकून उभी.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "परत वाचा. पैल्या पत्राचा."

मी परत वाचलं.

"तीन दिसात लिवून द्यायचा होता? माझा म्हननं?"

"व्हय."

"म्हंजे व्हॉल्वचं आठ दिस आधी सांगितलेला, ते लिवायचा होता? आन् फिटरला ठावूक हाय, ते?"

"व्हय."

"एवढाच?"

"एवढंच."

तो मान हलवत राहिला. "एवढाच व्हता तर मी लिवला असता की. माझा अक्षर वाईट हाय, पन लिवला असता."

बहीण आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही.

दुसऱ्या पाळीला गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट बघितली. बाईंनी विचारलं होतं, कंपनीत कामगारांच्या नियमांचा मराठी फलक असतो ना? असतो. गेटच्या आत, हजेरीच्या घड्याळाशेजारी, काचेच्या पेटीत. त्याच्यासमोर मी सतरा वर्षं कार्ड पंच करायला रांगेत उभा राहिलो होतो. काचेवर धूळ. रुमालाने पुसली. स्थायी आदेश, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. गैरवर्तन कशाला म्हणायचं, आरोपपत्र द्यायचं, कामगाराला बचावाची संधी द्यायची, कामगार म्हणेल त्या भाषेत काम चालवायचं. सगळं लिहिलेलं. मराठीत. चौथी पासला वाचता येईल असं.

गुरुवारी दहाला आम्ही कॉन्फरन्स रूममध्ये गेलो. चौकशी अधिकारी बाहेरचा वकील होता, पांढरे केस, आवाज हळू. वाईट माणूस नव्हता. कंपनीच्या बाजूने पर्सोनेलचा साहेब. एक जण लिहायला. भावजीने नवा शर्ट घातला होता, घड्या तशाच होत्या. अधिकाऱ्याने आधी विचारलं, कोणत्या भाषेत काम चालवायचं. मी म्हटलं, मराठीत. त्याने तसं लिहून घेतलं. मग भावजीला आरोप मराठीत वाचून दाखवला आणि विचारलं, मान्य आहे का. भावजी म्हणाला, "नाय." तेवढं स्पष्ट बोलला.

मी अर्ज दिला. अधिकाऱ्याने वाचला. साहेबाला विचारलं, तुमचं काय म्हणणं.

साहेब म्हणाला, "सर, कामगाराला इंग्रजी येत नसेल. पण त्याचे हे प्रतिनिधी स्वतः फलकापुढे उभे राहून वीस माणसांना नोटीस वाचून सांगत होते. उत्तर द्यायचं नाही हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या वॉचमनचा लेखी रिपोर्ट आहे. म्हणजे नोटीस समजली होती. समजून उमजून नाकारली."

अधिकारी माझ्याकडे वळला. चष्मा काढला.

"तुम्ही नोटीस वाचली होती?"

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर चहावाला आणि आमच्या प्लांटचे दोघे-तिघे उभे होते. पंख्याचा आवाज. अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं, जास्त हळू. तो मला वाट देत होता, हे मला तेव्हाही कळलं. "तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का? येत नसेल तर तसं सांगा. मी लिहून घेतो."

भावजी माझ्याकडे बघत नव्हता. तो टेबलाकडे बघत होता. त्याला खात्री होती की दादा बरोबर बोलेल.

मी म्हणालो, "कामापुरतं येतं."

अधिकाऱ्याने चष्मा परत लावला. मग लिहिणाऱ्याला सांगितलं, "लिहा. कामगाराच्या प्रतिनिधींनी सांगितले की त्यांना कामापुरते इंग्रजी वाचता येते. नोटीस न समजल्याचे कारण स्वीकारता येत नाही. साक्षीदारांना परत बोलावण्याचा अर्ज नामंजूर. कामगाराने आपले साक्षीदार पुढील तारखेस आणावेत." पुढची तारीख आठ दिवसांनी दिली. पानापानावर सह्या घेतल्या. भावजीने केली. मी केली, माझी सही लांबलचक आहे, शेवटी रेघ ओढतो, ती पण ओढली. नक्कल हातात मिळाली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. फिटर येतो म्हणाला होता, आला नाही, त्याचीही नोकरी होती. सुपरवायझरची साक्ष तशीच राहिली, नंतर पुन्हा लेखी मागूनही तिला प्रश्न विचारायला मिळाला नाही. दोन महिन्यांनी चौकशीचा अहवाल आला आणि त्याबरोबर आणखी एक नोटीस, आरोप शाबीत, काढून टाकायचं ठरवतोय, काही म्हणणं असेल तर सात दिवसांत दे. त्या वेळी लखोटा आम्ही दोन्ही हातांनी घेतला, बाईंकडे नेला, सहाव्या दिवशी उत्तर दिलं. तरी काढला. लेबर कोर्टात केस गेली, तारखा पडत राहिल्या, केस उभी राहीपर्यंत कंपनीलाच टाळं लागलं. भावजी पंचेचाळिशीला डोलवीला ठेकेदाराकडे लागला, पाट्या उचलायला. तिथे लखोटा देत नाहीत. उद्यापासून येऊ नको म्हणतात. माझ्या त्या दोन शब्दांनी त्याची नोकरी गेली की नसते बोललो तरी गेलीच असती, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. कोर्टातल्या आमच्या वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, सांगता येत नाही. मी दोघांनाही माफ केलेलं नाही, वकिलाला आणि मला.

पण त्या गुरुवारचं सांगत होतो. कंपनीतून बाहेर पडलो, भावजी म्हणाला, "दादा, बरोबर झाला ना?" मी म्हटलं, "बघू." त्याला एसटीत बसवून दिलं. संध्याकाळी बहीण आली. नक्कल मराठीतच होती, ती तिने गावात शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतली होती.

ती आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून म्हणाली, "दादा, तुला इंग्रजी येतं?"

आत ये, अशी मी हाताने खूण केली.

"कामापुरतं? कुनाच्या कामापुरतं रे?"

"अगो, त्या बाहेर आमची मानसं उभी होती. उपाध्यक्षाला येत नाय म्हटल्यावर..."

"तुझ्या नावाला मी पोस्टमन परत पाठवला," ती म्हणाली. "तीनदा. माझ्या दारातून. मी अडानी, मला कुनी हसला तर चालतं. तुला नाय चालत. त्यांच्या पोटावर पाय पडला तरी नाय चालत." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मला अडानी म्हनायला मी लाजत नाय. तुला काय रे झाला?"

मला उलट बोलायचं होतं. बोलायला तोंड उघडलं. मग म्हटलं, "पानी तरी पी." ती म्हणाली, "गाडी जाईल."

ती गेल्यावर मी शाळेच्या वहीतला कागद फाडला आणि लिहायला बसलो. चौकशी अधिकारी साहेबांस. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. प्रत्येक वेळी मी कारणं लिहीत होतो, माझं वय, माझी सतरा वर्षं, लोकांचा विश्वास. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, हे पत्रात नाही, तुमच्या मनातलं आहे. तिसऱ्या खेपेला पाचच ओळी झाल्या.

'मी गुरुवारच्या चौकशीत खोटे सांगितले. मला इंग्रजी वाचता येत नाही. फलकावरील नोटीस मी वाचली नव्हती, वाचल्यासारखे केले. पत्र घेऊ नको असे कामगाराला मीच सांगितले, त्यात त्याची चूक नाही. त्याचा अर्ज परत विचारात घ्यावा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या पाळीच्या वेळेला गेटवर गेलो, जेव्हा सुटणाऱ्या आणि लागणाऱ्या दोन्ही पाळ्यांची माणसं तिथे असतात. वॉचमनला म्हटलं, ऊठ, हे ऐक. कागद मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. कोणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "उपाध्यक्ष, गप बसा, काय करताय." मी वाचून पुरा केला. मग पर्सोनेलच्या खिडकीशी जाऊन दोन प्रती आत सरकवल्या, एक त्यांना, एकीवर आवक शिक्का मारून मला परत. कारकून तोच होता. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरंच देताय?"

"घे," मी म्हटलं. "आन् शिक्का मार."